अँटिबायोग्रामचे वाचन : अवरोध-वलय, किमान अवरोधक संहती आणि औषधाची निवड

कल्चर-सेन्सिटिव्हिटीचा अहवाल हाती आला, की नवोदित चिकित्सकाची दृष्टी बहुधा आकड्यांच्या स्तंभावर जाते. ज्या औषधापुढे सर्वांत मोठा आकडा, ते औषध सर्वांत प्रभावी असे गृहीत धरून तेच लिहिले जाते. यंत्रावर तयार झालेला अहवाल असेल तर हीच क्रिया उलट घडते आणि सर्वांत लहान आकड्याचे औषध निवडले जाते. औषधविक्रेते बंधूंचाही हाच अनुभव आहे. रुग्ण अहवाल पुढे करतो आणि ‘ज्याचा नंबर मोठा आहे ते द्या’ अशी मागणी करतो. ही पद्धत मुळातच चुकीची आहे. अँटिबायोग्राममधील कोणत्याही दोन औषधांच्या आकड्यांची परस्परांशी तुलना करता येत नाही. प्रत्येक आकडा त्या-त्या औषधाच्या स्वतःच्या सीमामूल्याशीच ताडून पाहावयाचा असतो. असे का, आणि मग निवड कशी करावी, हे प्रस्तुत लेखात एका नमुना अहवालाच्या आधारे पाहू. रुग्णालयांत निवासी वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करणाऱ्या आपल्या तरुण स्नातकांच्या हाती असे अहवाल नित्य येतात. प्रत्यक्ष औषधयोजना मात्र प्रत्येकाने आपल्या नोंदणीने दिलेल्या अधिकाराच्या मर्यादेतच करावयाची आहे, हे येथेच नमूद करतो.

वलय कसे निर्माण होते?

आज प्रचलित असलेली चकती-विसरण पद्धत बाउअर, कर्बी, शेरिस व टर्क यांनी १९६६ साली प्रमाणित स्वरूपात मांडली. रुग्णाच्या नमुन्यातून वाढविलेल्या जीवाणूंचे ठरावीक गढूळतेचे द्रावण तयार करतात. त्याचे प्रमाण ०.५ मॅक्फार्लंड असते. ते मुल्लर-हिंटन आगराच्या ४ मि.मी. जाडीच्या थरावर एकसारखे पसरवितात. त्यावर निरनिराळ्या प्रतिजैविकांच्या ६ मि.मी. व्यासाच्या कागदी चकत्या ठेवून सुमारे ३५ अंश सेल्सियस तापमानात १६ ते १८ तास ठेवतात. चकतीतील औषध आगरात चोहोबाजूंनी पसरत जाते. चकतीजवळ त्याची संहती अधिक असते आणि दूर जावे तसतशी ती कमी होते. ज्या अंतरापर्यंत जीवाणूंची वाढ थोपविली जाते, तेथपर्यंत स्वच्छ वर्तुळ दिसते. हेच अवरोध-वलय होय. त्याचा व्यास चकतीसह मोजतात, म्हणून अहवालात ‘६ मि.मी.’ असे लिहिलेले असेल तर वलय मुळीच पडले नाही असा त्याचा अर्थ घ्यावा.

वलयाचा आकार केवळ जीवाणूच्या संवेदनशीलतेवर अवलंबून नसतो. चकतीत औषध किती भरले आहे आणि त्याचा रेणू आगरातून किती सहज सरकतो, यांवरही तो ठरतो. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या चकतीत ५ मायक्रोग्रॅम औषध असते, तर नायट्रोफ्युरँटॉइनच्या चकतीत ३०० मायक्रोग्रॅम. एवढा फरक असूनही, प्रयोगशाळा ज्या प्रमाण वाणावर आपली गुणवत्ता तपासतात त्या पूर्णतः संवेदनशील ई. कोलायभोवती नायट्रोफ्युरँटॉइनचे वलय २० ते २५ मि.मी. एवढेच अपेक्षित असते. त्याच जीवाणूभोवती सिप्रोफ्लॉक्सासिनचे वलय साधारणतः ३० मि.मी.च्या वर जाते. जीवाणू तोच आणि दोन्ही औषधांना तो पूर्ण संवेदनशील, तरीही आकडे भिन्न. यावरून नायट्रोफ्युरँटॉइन दुर्बल ठरविणे म्हणजे शेर आणि पायली या दोन निरनिराळ्या मापांतील आकडेच समोरासमोर ठेवण्यासारखे आहे.

सीमामूल्य म्हणजे काय?

प्रत्येक जीवाणू-समूह व औषध यांच्या जोडीसाठी दोन मर्यादा निश्चित केलेल्या असतात. त्यांना प्रयोगशाळेत ब्रेकपॉइंट म्हणतात. वलय वरच्या मर्यादेइतके किंवा त्याहून मोठे असेल तर अहवालात ‘एस’ म्हणजे संवेदनशील, खालच्या मर्यादेइतके किंवा त्याहून लहान असेल तर ‘आर’ म्हणजे प्रतिरोधी, आणि दोहोंच्या मध्ये असेल तर ‘आय’ असे अक्षर येते. या मर्यादा अमेरिकेतील सी.एल.एस.आय. अथवा युरोपातील युकास्ट या संस्थांच्या तक्त्यांतून घेतल्या जातात. नेहमीच्या मात्रेने शरीरात औषधाची संहती कितपत पोहोचते, त्या जातीच्या जीवाणूंमध्ये संवेदनशीलता कशी विभागलेली आहे आणि प्रत्यक्ष रुग्णांत उपचार कितपत यशस्वी झाले, या तिन्हींचा विचार करून त्या ठरतात. म्हणजे ‘एस’ या अक्षरामागे काचपात्रातील घटनेबरोबरच शरीरातील औषधाचा प्रवासही गृहीत धरलेला असतो.

‘आय’ या अक्षराबाबत विशेष सावधता हवी. युकास्टने २०१९ पासून त्याचा अर्थ ‘वाढीव मात्रेने अथवा औषध जेथे एकवटते अशा ठिकाणी संवेदनशील’ असा निश्चित केला आहे. सी.एल.एस.आय.च्या तक्त्यात ते मध्यम श्रेणी दर्शविते. त्यामुळे अहवालाच्या तळाशी कोणता तक्ता, कोणत्या वर्षाचा वापरला आहे, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी. लिहिलेले नसेल तर प्रयोगशाळेस विचारावे.

नमुना अहवाल

समजा, ३४ वर्षांची, गर्भवती नसलेली स्त्री लघवीच्या वेळी जळजळ व वारंवार लघवीस जावे लागणे या तक्रारी घेऊन आली. ज्वर नाही, पाठीत वा कुशीत वेदना नाही, उलटी नाही. यापूर्वी दोनदा अशाच तक्रारींसाठी तिने औषधे घेतलेली आहेत. मध्यधारेच्या मूत्रात ई. कोलाय जीवाणू प्रति मि.लि. एक लाखाहून अधिक संख्येने वाढले. वलयांचे व्यास पुढीलप्रमाणे आले :

मेरोपेनेम – २९ मि.मी.
फॉस्फोमायसिन – २४ मि.मी.
सिप्रोफ्लॉक्सासिन – २३ मि.मी.
अमिकासिन – २२ मि.मी.
नायट्रोफ्युरँटॉइन – २० मि.मी.
सेफ्टाझिडिम – १९ मि.मी.
सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन – १४ मि.मी.
कोट्रायमॉक्साझोल – ६ मि.मी.

केवळ आकडे पाहणारा मेरोपेनेम निवडील. तोंडाने घ्यावयाचे औषध हवे असेल आणि फॉस्फोमायसिन परिचयाचे नसेल, तर तो सिप्रोफ्लॉक्सासिनकडे वळेल. आता हेच आकडे सी.एल.एस.आय.च्या आजच्या मर्यादांशी ताडून पाहू.

नायट्रोफ्युरँटॉइनसाठी १७ मि.मी. व त्यावर संवेदनशील मानतात. आपला आकडा २०, म्हणजे ‘एस’. ई. कोलायसाठी मूत्रमार्गातील फॉस्फोमायसिनची मर्यादा १६, म्हणजे तेही ‘एस’. मेरोपेनेमसाठी २३ हवेत, तेही ‘एस’. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला १९ व त्याखाली प्रतिरोधी मानतात, म्हणून १४ हा स्पष्ट ‘आर’. कोट्रायमॉक्साझोलभोवती वलयच नाही.

सिप्रोफ्लॉक्सासिनची गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. २०१८ पर्यंतच्या तक्त्यानुसार २१ मि.मी. व त्यावरील वलय संवेदनशील मानले जात असे. २०१९ मध्ये ही मर्यादा वाढवून २६ करण्यात आली, आणि २२ ते २५ ही मध्यम श्रेणी ठरली. म्हणजे आपल्या रुग्णेचे २३ मि.मी.चे वलय जुना तक्ता वापरणाऱ्या प्रयोगशाळेत ‘एस’ म्हणून छापले जाईल आणि नवा तक्ता वापरणाऱ्या प्रयोगशाळेत ‘आय’ म्हणून. मर्यादा बदलण्याचे कारण असे, की जुन्या मर्यादेत ‘एस’ ठरणाऱ्या काही जीवाणूंमध्ये प्रतिरोधाची पहिली पायरी आधीच चढलेली असते आणि नेहमीच्या मात्रेने त्यांचा नायाट होण्याची खात्री उरत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या ‘एस’वर विसंबण्यापूर्वी मिलिमीटरचा आकडा स्वतः पाहावा, तो याचसाठी.

सेफ्टाझिडिमच्या ओळीतील सूचना

सेफ्टाझिडिमचा आकडा १९, म्हणजे मध्यम. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन मात्र स्पष्ट प्रतिरोधी. अशा वेळी विस्तृत-वर्णपट बीटा-लॅक्टमेझ, म्हणजे ई.एस.बी.एल., निर्माण करणारा जीवाणू असल्याची शंका घ्यावी. ते सिद्ध करण्याची रीत सोपी आहे. सेफ्टाझिडिमची साधी चकती आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्लयुक्त सेफ्टाझिडिमची चकती शेजारी ठेवतात. दुसऱ्या चकतीचे वलय पहिल्यापेक्षा ५ मि.मी. वा अधिक मोठे आले तर परीक्षण सकारात्मक समजतात. आपल्या नमुन्यात दुसरे वलय २६ मि.मी. आले असे धरू. फरक ७ मि.मी.चा, म्हणून जीवाणू ई.एस.बी.एल. निर्माण करणारा ठरला.

औषधविक्रेते बंधूंनी येथे एक बाब ध्यानी घ्यावी. अहवालात सेफिक्झिमचे नाव नाही, म्हणून ते चालेल असे नव्हे. तिसऱ्या पिढीच्या सेफॅलोस्पोरिनांच्या वतीने सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची ओळच बोलत असते, कारण तेच एन्झाइम सेफिक्झिमलाही निकामी करते. लिहिलेले नायट्रोफ्युरँटॉइन दुकानात नाही म्हणून ‘लघवीचेच आहे’ असे सांगून सेफिक्झिम पुढे केले, तर रुग्णेस पैसे मोजूनही औषध न दिल्यासारखेच होते. शिवाय सेफिक्झिम व मेरोपेनेम ही दोन्ही अनुसूची एच-१ मधील आहेत. १ मार्च २०१४ पासून या अनुसूचीतील औषधे केवळ चिठ्ठीवर देऊन त्यांची स्वतंत्र नोंद तीन वर्षे जतन करणे बंधनकारक आहे. प्रयोगशाळेचा अहवाल म्हणजे चिठ्ठी नव्हे.

यंत्राचा अहवाल आणि किमान अवरोधक संहती

हाच जीवाणू स्वयंचलित यंत्रावर तपासला असता मिलिमीटरऐवजी एम.आय.सी. म्हणजे किमान अवरोधक संहती मिळते. तिची कल्पना अशी. एकाच जीवाणूचे समप्रमाण द्रावण ओळीने मांडलेल्या नळ्यांत घ्यावे आणि औषधाची संहती प्रत्येक नळीत दुप्पट करीत न्यावी : ०.२५, ०.५, १, २, ४, ८ मायक्रोग्रॅम प्रति मि.लि. याप्रमाणे. रात्रभरानंतर ज्या पहिल्या नळीत गढूळपणा दिसत नाही, तिची संहती म्हणजे एम.आय.सी. वलय मोठे तर ही संहती लहान, असा दोहोंचा व्यस्त संबंध आहे.

आपल्या जीवाणूचा अहवाल असा आला : मेरोपेनेम ≤ ०.२५, सिप्रोफ्लॉक्सासिन ०.५, नायट्रोफ्युरँटॉइन ≤ १६, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन ≥ ६४. येथे नवोदिताची चूक ठरलेली असते. ०.२५ हा १६ चा चौसष्टावा भाग, म्हणून मेरोपेनेम चौसष्टपट प्रभावी, असे गणित तो मांडतो. प्रत्यक्षात नायट्रोफ्युरँटॉइनची संवेदनशील मर्यादा ३२ आहे आणि मेरोपेनेमची १. दोन्ही आकडे आपापल्या मर्यादेच्या आत सुखाने बसलेले आहेत. नायट्रोफ्युरँटॉइनची मर्यादा एवढी उंच असण्याचे कारण हे, की हे औषध रक्तात अत्यल्प राहते आणि मूत्रात एकवटते, तेथे त्याची संहती या मर्यादेहूनही वर जाते. ०.५ हा सिप्रोफ्लॉक्सासिनचा आकडा दिसायला नायट्रोफ्युरँटॉइनहून कितीतरी लहान आहे, परंतु त्याची आजची संवेदनशील मर्यादा ०.२५ असल्याने तोच मध्यम श्रेणीत जातो.

चिन्हांकडेही लक्ष द्यावे. ‘≤ १६’ याचा अर्थ यंत्राच्या पट्टीतील सर्वांत कमी संहतीतही वाढ झाली नाही. खरा आकडा १६ असेल वा २, ते अहवालावरून कळत नाही. तसेच या परीक्षणात एका पायरीचा फरक स्वीकारार्ह मानला जातो. आज २ आलेला आकडा उद्या १ किंवा ४ येऊ शकतो. म्हणून अगदी सीमारेषेवर बसलेल्या ‘एस’वर गंभीर रुग्णाचा भार टाकताना दोनदा विचार करावा.

निवड : तोच अहवाल, दोन रुग्ण

आपल्या रुग्णेचा संसर्ग मूत्राशयापुरता मर्यादित आहे. तिच्यासाठी नायट्रोफ्युरँटॉइन योग्य ठरते. दीर्घविसर्गी स्वरूपातील १०० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, अन्नाबरोबर, ५ दिवस, अशी त्याची प्रचलित मात्रा आहे. फॉस्फोमायसिन ३ ग्रॅमची एकच मात्रा हा दुसरा पर्याय. मूत्रपिंडांचे कार्य बरेच घटलेले असेल, जी-६-पी-डी न्यूनता असेल अथवा प्रसूतीचा काळ जवळ आला असेल तर नायट्रोफ्युरँटॉइन टाळावे. मेरोपेनेमचे वलय सर्वांत मोठे असूनही ते येथे वापरण्याचे कारण नाही. साध्या मूत्राशयदाहास शिरेतून देण्याचे राखीव औषध खर्ची घातले, तर त्याला प्रतिरोध करणारे जीवाणू निवडले जाण्यास आपणच वाट करून देतो, आणि पुढे खऱ्या गरजेच्या वेळी हाती काही उरत नाही.

आता कल्पना करावी, की हाच अहवाल दुसऱ्या एका स्त्रीचा आहे. तिला १०२ अंश फॅरनहाइट ज्वर, थंडी, उजव्या कुशीत वेदना आणि उलट्या आहेत. अहवालात नायट्रोफ्युरँटॉइनपुढे ‘एस’च आहे, परंतु तो तिच्या उपयोगाचा नाही. संसर्ग मूत्रपिंडाच्या धातूत आणि कदाचित रक्तात आहे, आणि हे औषध तेथे पुरेशा प्रमाणात पोहोचत नाही. तोंडाने घ्यावयाच्या फॉस्फोमायसिनबाबतही तेच. तिला रुग्णालयात पाठवून, शक्य तेथे आधी रक्ताचे कल्चर घेऊन, शिरेतून औषध द्यावे लागेल. ई.एस.बी.एल. जीवाणूच्या अशा संसर्गात मेरोपेनेमसारख्या कार्बापेनेमला प्राधान्य आहे. म्हणजे पहिल्या रुग्णेस जे अनावश्यक होते तेच दुसरीस जीवरक्षक ठरू शकते. अहवाल बदलला नाही, संसर्गाचे स्थान बदलले.

‘एस’ या अक्षराची आणखी एक मर्यादा २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मेरिनो चाचणीने दाखवून दिली. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला दाद न देणारे ई. कोलाय वा क्लेबसिएला रक्तात सापडलेल्या रुग्णांत पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम आणि मेरोपेनेम यांची तुलना करण्यात आली. प्रारंभीच्या अहवालांत जीवाणू दोन्ही औषधांना ‘एस’ होते. तीस दिवसांतील मृत्यू पहिल्या गटात १२.३ टक्के, तर दुसऱ्यात ३.७ टक्के झाले. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमच्या मर्यादा त्यानंतर, २०२२ मध्ये, सी.एल.एस.आय.ने अधिक कडक केल्या.

अहवालावर शंका केव्हा घ्यावी?

अहवाल चुकू शकतो, आणि काही चुका वाचतानाच ओळखता येतात. द्रावण अपेक्षेहून पातळ झाले किंवा आगराचा थर पातळ पडला, तर वलये खोटी मोठी येतात. द्रावण दाट असेल, थर जाड असेल वा चकत्या दमट हवेत राहून निर्वीर्य झाल्या असतील, तर ती खोटी लहान येतात. एकाच अहवालात सर्वच औषधे एकदम ‘एस’ किंवा एकदम ‘आर’ दिसली, आणि रुग्णाचा इतिहास त्याच्याशी जुळत नसेल, तर प्रयोगशाळेशी बोलून परीक्षण पुन्हा करून घ्यावे.

काही जीवाणूंचा प्रतिरोध जन्मजात असतो. क्लेबसिएला न्यूमोनी अँपिसिलिनला, आणि प्रोटिअस मिराबिलिस नायट्रोफ्युरँटॉइनला स्वभावतःच दाद देत नाही. या जोड्यांपुढे ‘एस’ छापलेले दिसले, तर जीवाणूची ओळख किंवा परीक्षण यांपैकी एक चुकले आहे असे समजावे. कोलिस्टिनपुढे वलयाचा आकडा दिलेला असेल तर तोही ग्राह्य धरू नये. त्याचा मोठा रेणू आगरातून नीट पसरत नाही, म्हणून त्यासाठी एम.आय.सी.च काढावी लागते.

सर्वांत आधी विचारावयाचा प्रश्न मात्र याहून निराळा आहे : या जीवाणूवर उपचार करावयाचा आहे का? कोणतीही तक्रार नसलेल्या व्यक्तीच्या मूत्रात जीवाणू वाढले, तर गर्भावस्था आणि मूत्रमार्गावरील नियोजित शस्त्रक्रिया असे अपवाद सोडता सहसा प्रतिजैविक देत नाहीत. अशा वेळी अहवालात कितीही ‘एस’ असले तरी त्यातून औषध निवडावयाचे नसते.

वाचनाचा क्रम

तात्पर्य, अहवाल हाती आल्यावर क्रम असा ठेवावा. प्रथम रुग्णाची लक्षणे आणि नमुना कोठून, कसा घेतला ते पाहावे. नंतर जीवाणूचे नाव व त्याचे जन्मजात प्रतिरोध आठवावेत. मग तक्ता कोणत्या वर्षाचा आहे ते पाहून प्रत्येक आकडा त्याच्या स्वतःच्या मर्यादेशी ताडावा. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन व सेफ्टाझिडिमच्या ओळींत ई.एस.बी.एल.ची सूचना आहे का ते शोधावे. जी औषधे ‘एस’ उरतील, त्यांतून संसर्गाच्या ठिकाणी पोहोचणारे, रुग्णाच्या मूत्रपिंडांना व अवस्थेला मानवणारे आणि शक्य तितक्या अरुंद कार्यक्षेत्राचे औषध निवडावे. या क्रमात मिलिमीटरची परस्पर तुलना कोठेच येत नाही.